दोन आठवड्यांत व्यायाम सुटतोच? मग हा बारा आठवड्यांचा छोट्या टार्गेटचा प्लॅन बघा

ज्यांना व्यायाम सुरू करायला काही अडचण येत नाही पण टिकवता येत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. वर्षातून तीन-चार वेळा कपाटातून बूट बाहेर येतात, पहिला आठवडा एकदम जोरात जातो, दुसरा ओढूनताणून, आणि तिसऱ्या आठवड्यात घरात पाहुणे येतात किंवा सर्दी होते किंवा ऑफिसात काहीतरी निघतं, मग "आता पुढच्या एक तारखेपासून" असं म्हणून बूट परत कपाटात. हे वाचून स्वतःची आठवण आली असेल तर पुढे वाचा, नाहीतर तुम्हाला याची गरज नाही, तुमचं चाललंय ते छान चाललंय.

उदाहरण माझ्या चुलतबहिणीचं देते, कारण तिचा प्लॅन आम्ही दोघींनी बसून बनवला होता. ताई नाशिकला असते, वय ४२, बँकेत नोकरी, मुलगा सातवीत, घरी सासूबाई. दर जानेवारीला तिचा तोच कार्यक्रम: सकाळी साडेपाचला उठून अर्धा तास वॉक, वर बारा सूर्यनमस्कार, आणि रात्री भात बंद. सगळं एकाच सोमवारी सुरू. आणि दरवर्षी ते साधारण पंधरा-सोळा दिवसांत संपायचं.

आधी हे दोन आठवड्यांचं गणित समजून घ्या

प्लॅन आपण कधी ठरवतो? ज्या दिवशी उत्साह सगळ्यात जास्त असतो त्या दिवशी. त्यामुळे रोज पाऊण तास हे त्या दिवशी अगदी सोपं वाटतं, पण तो प्लॅन अमलात आणायचा असतो एखाद्या बुधवारी, जेव्हा रात्री झोप झालेली नसते आणि डबा अजून भरायचा असतो. पहिल्या आठवड्यात नवेपणावर भागतं. त्यात सवय नसताना एकदम जास्त केलं की अंग आंबतं, आणि ते लगेच नाही, व्यायामानंतर एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त दुखतं. रथसप्तमीला सोसायटीत उत्साहाने एकशेआठ सूर्यनमस्कार घालणाऱ्या लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना बघा, लगेच कळेल.

दुसऱ्या आठवड्यात नवेपणा गेलेला असतो आणि फायदा अजून दिसत नसतो. वजनकाटा जागचा हलत नाही, उलट थोडं वाढलेलंही दिसू शकतं, कारण नव्याने ताण पडलेले स्नायू सुरुवातीला पाणी धरून ठेवतात. आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत सवय अजून झालेलीच नसते, म्हणजे रोज सकाळी "जाऊ की नको" हा विचार मनात करावाच लागतो. अशा वेळी एक दिवस चुकला की दुसरा चुकतो, आणि मग आपण स्वतःच जाहीर करतो की सुटलं.

ते एकवीस दिवसांत सवय लागते वगैरे डोक्यातून काढून टाका. १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला "किमान" गळाला, चेहरा गळाला, आणि उरला तो सगळ्या जगाला लागू केलेला नियम. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर नीट अभ्यास झाला, ९६ लोकांना बारा आठवडे एक नवी सवय लावायला सांगितली, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसागणिक फरक प्रचंड, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या साध्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि आपल्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मधेच एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर काही खास परिणाम झाला नाही. म्हणून हा प्लॅन बारा आठवड्यांचा आहे, आणि म्हणूनच त्यात चुकलेल्या दिवसांना आधीपासून जागा ठेवलीय.

शून्यावा आठवडा: खुंटी शोधा

या आठवड्यात व्यायाम अजिबात करायचा नाही. फक्त एक गोष्ट शोधायची, तिला मी खुंटी म्हणते, म्हणजे तुमच्या दिवसात आधीपासून न चुकता घडणारं असं काहीतरी ज्याच्या पाठोपाठ व्यायाम अडकवता येईल. "सकाळी" ही खुंटी नाही, "सहा वाजता" ही पण फार बरी नाही, कारण घड्याळाकडे दुर्लक्ष करता येतं. चहाचा कप सिंकमध्ये ठेवला, मुलाला व्हॅनमध्ये बसवलं, ऑफिसातून येऊन बॅग टेबलावर ठेवली, अशा हाताने केलेल्या गोष्टी चांगल्या.

ताईने आधी नेहमीप्रमाणे साडेपाचचा अलार्म सुचवला. मी तिला म्हटलं चार दिवस फक्त बघ, सकाळी काय काय होतं ते. तेव्हा लक्षात आलं की सात-दहाला मुलाच्या शाळेची व्हॅन गेटवर येते आणि त्याला सोडायला ती रोज खाली उतरतेच, तेही बऱ्यापैकी जागी होऊन, कपडे बदलून. व्हॅन गेली की ती परत वर यायची आणि अर्धा तास पेपर, मोबाइल, दुसरा चहा यात जायचा, नऊच्या आधी तर निघायचं नसायचं. म्हणजे वेळ होता, माणूस खाली आलेला होता, फक्त पायात चप्पल होती. मग ठरलं ते एवढंच की व्हॅनला सोडायला जाताना चपलेऐवजी बूट घालायचे.

खुंटी ठरली की एक वाक्य लिहून काढा, अगदी हाताने, कागदावर: अमुक झालं की मी तमुक ठिकाणी तमुक करणार. ताईचं होतं, "व्हॅन वळली की मी बिल्डिंगला दोन चकरा मारणार." हे वाचायला बालिश वाटतं, पण २००२ साली इंग्लंडमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. व्यायाम नाही केला तर हृदयाचे कसे आजार होतात वगैरे वाचायला दिलेला गट असो की तसं काही न दिलेला, आठवड्यातून एकदा तरी नीट व्यायाम करणारे दोन्हीकडे १०० पैकी ३५ ते ३८ निघाले. आणि ज्यांना तेच वाचायला देऊन वर कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे लिहायला लावलं त्यांच्यात ९१. भीतीने फरक पडला नाही, ठिकाण-वेळ लिहिल्याने पडला.

जिमची फी हा लोकांचा आवडता उपाय, वर्षाचे पैसे भरले की झक मारत जाऊ. अमेरिकेत दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिमच्या सभासदांचा हिशोब तपासला होता (२००६ मध्ये छापून आला), तर महिन्याची पक्की फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारच्या आसपास वेळा येत होते आणि एकेका फेरीचे पैसे धरले तर दर वेळी सुटं तिकीट काढणं त्यांना स्वस्त पडलं असतं. तेव्हा पहिले बारा आठवडे काही विकत घेऊ नका, चांगले बूट सोडून.

मोजायचं काय?

हजेरी. मिनिटं नाही, पावलं नाही, कॅलरी नाही, किलो तर मुळीच नाही. खुंटीनंतर बाहेर पडलात की त्या दिवशी कालनिर्णयच्या चौकोनात पेनाने एक बरोबरची खूण. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर असतं ते कॅलेंडर, घरातले सगळे बघतात, आणि दुधाच्या नोंदी तशाही तिथेच असतात. ॲपमध्ये नोंद करायला माझी हरकत नाही, पण ॲप रोज नवं काहीतरी दाखवतं, शेजारच्याची पावलं दाखवतं, आणि दहा हजार पावलांच्या खाली असलात की लाल रंग दाखवतं. तो दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून आलेला आहे, कुठल्या डॉक्टरने सांगितलेला नाही, हे इथे सांगून ठेवते.

आठवड्याचं टार्गेट नेहमी सातपैकी काही दिवस असंच ठेवायचं. रोज असं कधीच नाही, कारण "रोज" या शब्दात पहिला चुकलेला दिवसच सगळं मोडून टाकतो. चार दिवसांचं टार्गेट असेल तर तीन दिवस चुकायची सोय आहे आणि तरी आठवडा पास.

आणि प्रत्येक आठवड्याला दोन आकडे असतात, एक किमान आणि एक कमाल. किमान म्हणजे ताप नसेल तर कुठल्याही वाईट दिवशी होईल इतकं कमी. कमाल म्हणजे त्याच्या वर मन कितीही म्हणालं तरी जायचं नाही. लोकांना किमान पटतं, कमाल पटत नाही, पण जे दोन आठवड्यांत सोडतात त्यांचा घात कमाल ओलांडण्यानेच होतो. पहिल्या गुरुवारी अंगात आलं म्हणून पन्नास मिनिटं चालून आलात की शुक्रवारी दहा मिनिटं कमी वाटतात, पन्नास नको वाटतात, आणि मग शुक्रवार जातो.

पहिला आठवडा: चार दिवस, किमान पाच मिनिटं, कमाल दहा

फक्त चालणं, तेही नेहमीच्या वेगाने. बूट घालायचे, खाली जायचं, दोन चकरा, परत. ताई म्हणाली, "अगं एवढ्याने काय होणार आहे? एवढं तर मी भाजी आणताना चालते." बरोबर आहे, शरीराला काहीच होणार नाहीये. या आठवड्यात शरीराचं काम नाहीच, खुंटी धरते का नाही ते बघायचंय. चार दिवस झाले, घाम आला नाही, थोडं हसू आलं, की आठवडा यशस्वी.

खुंटी चुकीची असेल तर ते इथेच कळतं. चारपैकी दोनच दिवस झाले आणि कारण "विसरले" असेल तर खुंटी कच्ची आहे, ती पुरेशी ठळक नाहीये, दुसरी शोधा. कारण "घाई होती" असेल तर खुंटीनंतर मोकळा वेळच नाहीये, तीसुद्धा बदला. दोन्ही वेळा पहिला आठवडाच परत करायचा, नव्या खुंटीने, यात काही कमीपणा नाही.

दुसरा आठवडा: चार दिवस, किमान पाच, कमाल पंधरा

किमान तेच ठेवलंय, लक्षात घ्या. वाढवलीय ती फक्त कमाल. त्यासोबत चारपैकी दोन दिवस घरी परत आल्यावर जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं, हात न टेकता. गुडघे दुखत असतील तर हात टेकून, किंवा खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करून. पाचच, एकदाच. कुणाला सूर्यनमस्कारच आवडत असतील तर दोन घाला, बारा नको, सुरुवातीला मनगटं आणि मांड्यांच्या मागच्या शिरा कुरकुरतात.

तिसरा आठवडा: टार्गेट मुद्दाम कमी

हा प्लॅनमधला सगळ्यात महत्त्वाचा आठवडा आणि सगळ्यात छोटा. तीन दिवस, किमान पाच मिनिटं, कमाल दहा. दुसऱ्यापेक्षा कमी.

आपल्याला माहितीये की आपण इथेच सोडतो, दरवर्षी सोडतो, मग नेमकं तिथेच टार्गेट वाढवत नेण्यात काय हशील? बहुतेक प्लॅन एकसारखे चढत जातात आणि आपल्या उत्साहाची रेघ याच सुमाराला खाली येत असते, दोघांची चुकामूक व्हायचीच. म्हणून इथे प्लॅन आधीच खाली आणून ठेवायचा.

आणि याच आठवड्यात एक दिवस ठरवून चुकवायचा. हो, ठरवून. सोमवारी जायचं, मंगळवारी खुंटीची वेळ आली की बूट दिसत असूनही जायचं नाही, कॅलेंडरवर तिथे एक शून्य काढायचं, आणि बुधवारी परत जायचं, पाचच मिनिटं. हे कशासाठी, तर आपल्याला व्यायाम करायचा सराव कमी आहेच, पण चुकल्यावर परत यायचा सराव मुळीच नाहीये. आपल्यासाठी चुकणं म्हणजे संपणं. एकदा स्वतःच्या मर्जीने चुकवून, दुसऱ्या दिवशी काही आभाळ कोसळलेलं नसताना परत गेलं की पुढे खरोखर ताप येईल तेव्हा वाट माहितीची असते.

ताई सोमवारी गेली, मंगळवार चुकवला, बुधवारी गेली, गुरुवारी मुलाला बरं नव्हतं म्हणून व्हॅनच आली नाही, शुक्रवारी गेली. तीन झाले. तिने मेसेज केला की आधीचं वर्ष असतं तर गुरुवारीच संपलं असतं.

परत येण्याचा नियम एकच ठेवा: चुकलेल्या दिवसानंतरच्या दिवशी फक्त किमान करायचं. कालचं भरून काढायला आज डबल असलं काही करायचं नाही. तो हप्ता नाहीये, थकबाकी वगैरे साठत नसते.

चौथा ते सहावा: एका वेळी एकच गोष्ट वाढवा

वाढवण्यासारख्या तीन गोष्टी असतात, दिवस, मिनिटं आणि जोर. एका आठवड्यात त्यातली एकच. चौथ्यात चार दिवस, कमाल पंधरा मिनिटं, म्हणजे दुसऱ्या आठवड्यासारखंच. पाचव्यात मिनिटं वाढतात, किमान दहा आणि कमाल वीस. सहाव्यात मिनिटं तीच, पण खुर्चीवरची उठबस आठ वेळा, दोन खेपा, मधे मिनिटभर थांबून, आणि भिंतीला हात टेकून जोर आठ वेळा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, तळवे खांद्याच्या रेषेत, कोपरं वाकवून छाती भिंतीजवळ न्यायची आणि परत. पाय जितके मागे न्याल तितकं जड जातं, त्यामुळे तेच पुढे कित्येक आठवडे पुरतं. ही ताकदीची कामं आठवड्यातून दोनदाच आणि लागोपाठच्या दिवशी नाही, स्नायूंना मधे एक दिवस लागतो.

दम आणि स्नायू आठवड्यांत तयार होतात पण सांधे जोडणाऱ्या शिरा-कंडरांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून नेमकं "आता मला जमतंय" असं वाटायला लागल्यावर टाचा किंवा नडगी दुखायला लागते. कमालचा आकडा पाळायला हे दुसरं कारण.

दुखण्यात फरक कसा ओळखायचा? दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, बोथट दुखतंय आणि थोडं चालल्यावर मोकळं होतंय तर ते आंबलेलं अंग आहे, किमान करून टाका, हळदीचं दूध वगैरे हौस असेल तर प्या. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं एका ठिकाणी, चालताना वाढत जाणारं, किंवा सूज असेल तर थांबायचं आणि दाखवून घ्यायचं. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम फुटणं, चक्कर असं काही झालं तर हा लेख, टार्गेट सगळं सोडून तडक हॉस्पिटल. आणि हृदयाचा त्रास आहे, बीपी आटोक्यात नाही, किंवा शुगरसाठी इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी सुरू करायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या, खासकरून सकाळी उपाशी पोटी चालायचं असेल तर.

खुंटीच नाहीशी होते तेव्हा

ताईचं गाडं सहाव्या आठवड्यात अडलं, आणि कारण आळस नव्हता. दिवाळीची सुट्टी लागली, शाळा बंद, व्हॅन बंद. सोमवारी ती गेली नाही, मंगळवारी नाही, बुधवारी फोन केला की बघ, सुटलं परत.

सुटलं नव्हतं, खुंटी निखळली होती. खुंटीला अडकवलेल्या सवयीची हीच मर्यादा आहे, खुंटी गेली की ती पण जाते, आणि आपल्याकडे तर गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, लग्नसराई, असं दर दोन-तीन महिन्यांनी घराचं रूटीन उलटंपालटं होतंच. म्हणून पाचव्या आठवड्यापर्यंत दुसरी खुंटी तयार ठेवा, सुट्टीची. ताईची ठरली, सासूबाईंना चहाचा कप हातात दिला की बूट. सासूबाईंनाच मग त्याची सवय लागली आणि त्या स्वतःच विचारायला लागल्या, "आज जायचं नाही का गं?"

तसंच पावसाचं. जूनमध्ये सुरू करत असाल तर घरातला पर्याय पहिल्या दिवसापासून ठरलेला पाहिजे. तो व्यायाम म्हणून उत्तम असायची गरज नाही, फक्त खुंटी तीच पाहिजे आणि बूट तेच पाहिजेत. हॉलपासून गॅलरीपर्यंत पाच मिनिटं येरझाऱ्या, किंवा बिल्डिंगचा जिना दोन मजले वर-खाली. हे सुद्धा हजेरीत धरायचं. ज्यांची शिफ्ट बदलते त्यांनी खुंटी दिवसातल्या वेळेला न बांधता उठण्याला बांधावी, उठल्यावरचा पहिला चहा, मग तो सकाळी सहाचा असो की दुपारी दोनचा.

सातवा ते बारावा: आता कुठे व्यायाम

सातव्यापासून जोर वाढवायचा. किती, याला मशीन नको. चालताना गप्पा मारता येतायत पण गाणं म्हणता येत नाही, इतक्या वेगाने चाला. ओळ मधेच तुटली पाहिजे दम लागून. एकटे असाल तर खरंच गुणगुणून बघा, सकाळी सात वाजता कुणी लक्ष देत नाही. सुरुवातीला पूर्ण वेळ नाही, दोन मिनिटं भरभर आणि तीन मिनिटं साधं, असं आलटून पालटून.

सात आणि आठ: चार दिवस, किमान दहा, कमाल पंचवीस. नववा आठवडा परत हलका, तीन दिवस, कमाल पंधरा, तिसऱ्यासारखाच. दहा ते बारा: पाच दिवस, किमान दहा, कमाल तीस, त्यात दोन दिवस ताकदीची कामं. किमान शेवटपर्यंत दहाच्या वर न्यायचं नाही, मनात आलं तरी. बाराव्या आठवड्यातही तो वाईट बुधवार येतोच आणि त्या दिवशी दहा मिनिटांचाच दरवाजा उघडा लागतो.

पाच दिवस तीस मिनिटं म्हणजे दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना आठवड्याला किमान तेवढंच सांगितलंय, मध्यम जोराचं १५० ते ३०० मिनिटं आणि निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. म्हणजे ज्या आकड्यापासून आपण दर जानेवारीला सुरुवात करत होतो तो खरं तर बाराव्या आठवड्याची कमाल आहे.

वजनाचं एकदाच बोलते. अर्धा तास भरभर चालून साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात, एक वडापाव त्याच्या दुप्पट असू शकतो. त्यामुळे नुसतं चालून काटा हलेल असं समजू नका आणि पहिले सहा आठवडे काट्यावर उभेच राहू नका. जेवणातले बदल करायचे असतील तर बारा आठवड्यांनंतर, वेगळं काम म्हणून. ताईच्या जानेवारीतल्या प्लॅनमध्ये चालण्याआधी भात बंद होणं मोडायचं, आणि एक मोडलं की दुसरंही त्याच्यासोबत जायचं. त्याऐवजी झोप बघा, दुसऱ्या मजल्यावर पोचताना दम किती लागतो ते बघा, हे फरक आधी जाणवतात.

आठवडा नापास झाला तर

रविवारी रात्री कॅलेंडर बघायचं, दोन मिनिटं. टार्गेट पूर्ण झालं असेल तर पुढचा आठवडा, नसेल झालं तर तोच आठवडा परत. लागोपाठ दोनदा नापास झालात तर मिनिटं निम्मी करा, पण दिवस कमी करू नका, कारण दिवस हीच सवय आहे, मिनिटं नंतर केव्हाही वाढतात. खुणा बघताना वारही बघा. दर मंगळवारीच शून्य दिसत असेल तर मंगळवारचं काहीतरी वेगळं आहे, लवकरची मीटिंग असेल, पाणी येत असेल, तो वार सरळ सुट्टीचा ठरवून टाका.

सगळ्या खुणा आहेत, टार्गेट पूर्ण आहे, पण जायचा कंटाळा वाढत चाललाय असंही होतं, बहुतेक आठव्याच्या आसपास. तेव्हा खुंटी तशीच ठेवून खुंटीनंतरची गोष्ट बदला. चालण्याऐवजी सायकल, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, किंवा फक्त चालताना ऐकायचा म्हणून एखादा पॉडकास्ट राखून ठेवा आणि तो घरी ऐकायचाच नाही.

मोठा खंड पडला, डेंग्यू झाला, घरात लग्न निघालं, तर हिशोब असा: आठवडाभराचा खंड असेल तर जिथे होतात तिथूनच, फक्त पहिले दोन दिवस किमानवर. दोन-तीन आठवडे गेले तर दोन आठवडे मागे. महिन्याच्या वर गेलं तर पहिल्या आठवड्यापासून, पण पहिला आणि दुसरा यांचे चार-चार दिवस झाले की थेट चौथ्यावर जायला हरकत नाही. आजारातून उठला असाल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. आणि हे सगळं एक तारखेची किंवा सोमवारची वाट न बघता, पुढची जी व्हॅन येईल तिथून.